वजनकाट्याच्या फाइलमधली तारीख-वेळ वेगळी करणे : प्रकल्प नोंदी

3 फेब्रुवारी 2025, सोमवार

काम असं आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रोज एक CSV फाइल निघते. तिच्यात पावती नंबर, गाडी नंबर, भरलेल्या गाडीच्या वजनाची वेळ (`GrossDT`), रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळ (`TareDT`) आणि निव्वळ वजन असतं. वेळेच्या दोन्ही कॉलममध्ये तारीख आणि वेळ एकाच खान्यात चिकटून येतात:

```
13/01/2025 07:05:42 PM
```

शेतकी विभागाला तारखेनुसार आवक हवी आहे, गव्हाणीवरच्या लोकांना पाळीनुसार, आणि वाहतुकीचा हिशोब बघणाऱ्यांना गाडी किती वेळ अडकली ते हवं आहे. म्हणजे एका खान्यातून तीन वेगळ्या गोष्टी काढायच्या आहेत. आत्तापर्यंत काट्यावरचा क्लार्क दर महिन्याला हाताने तारीख वेगळ्या कॉलममध्ये टाइप करायचा. हंगाम ऐन भरात असताना हे जमत नाही आणि आता करायलाही नको.

सुरुवातीला जुनी एक्सेल शीट बघितली. तिच्यात तारखेचा कॉलम तयार करताना मूळ खाना कॉपी करून त्याला फक्त `dd-mm-yyyy` असा फॉरमॅट दिलेला आहे. दिसायला काम झालेलं दिसतं, पण खान्याच्या पोटात वेळ तशीच बसलेली असते. पडताळायला 12 जानेवारीच्या गाड्या मोजून बघितल्या:

```
=COUNTIF(B:B,DATE(2025,1,12))
```

उत्तर आलं 0. स्क्रीनवर 12-01-2025 लिहिलेल्या ओळी डोळ्यांसमोर आहेत आणि एक्सेल म्हणतंय एकही नाही. त्याचं बरोबरच आहे. त्या खान्यांत 12 जानेवारी नसून 12 जानेवारीच्या पहाटेचे अमुक वाजून तमुक मिनिटं, सेकंद आहेत, आणि प्रत्येक ओळीत ते वेगळे आहेत. फॉरमॅट म्हणजे चष्मा. त्याने खान्यातला आकडा बदलत नाही.

उद्या आकड्यापासूनच सुरुवात करायची.

4 फेब्रुवारी

एक्सेलमध्ये तारीख हा दिवसांचा चढता आकडा असतो. 1 जानेवारी 1900 म्हणजे 1, 1 जानेवारी 2025 म्हणजे 45658, आणि 12 जानेवारी 2025 म्हणजे 45669. वेळ हा त्याच आकड्याचा दशांश भाग: सकाळचे 6 म्हणजे 0.25, दुपारचे 12 म्हणजे 0.5, संध्याकाळचे 6 म्हणजे 0.75. एक सेकंद म्हणजे 1 भागिले 86400.

वरची नमुन्याची ओळ घेऊ. 13 जानेवारी म्हणजे 45670. संध्याकाळचे 7 वाजून 5 मिनिटं 42 सेकंद म्हणजे मध्यरात्रीपासून 68742 सेकंद. 68742 भागिले 86400 बरोबर 0.795625. म्हणून पूर्ण खाना:

```
45670.795625
```

खान्यात हे असेल तर वेगळं करणं फारच सोपं आहे. पूर्णांक म्हणजे तारीख, उरलेला भाग म्हणजे वेळ:

```
=INT(F2)
=MOD(F2,1)
```

पहिल्याला `dd-mm-yyyy` आणि दुसऱ्याला `hh:mm:ss` फॉरमॅट द्यायचा. आता `COUNTIF` बरोबर मोजतं, कारण खान्यात खरोखर 45669 एवढंच उरतं. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्येही हीच दोन सूत्रं चालतात.

जाता जाता एक गंमत. एक्सेलच्या कॅलेंडरमध्ये 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस आहे. तो कधी उगवलाच नाही, कारण 1900 हे लीप वर्ष नव्हतं. लोटस 1-2-3 मध्ये ही चूक होती आणि तिच्या फाइल चालाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस 30 डिसेंबर 1899 ला शून्य धरतात, त्यामुळे 1 मार्च 1900 पासून सगळ्यांचे आकडे जुळतात. आपल्या उसाला याचा त्रास नाही, पण आकडा 1 पासून मोजत बसलं की एक दिवस जास्त का येतो असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. खान्यात आकडा आहेच, असं कोण म्हणतो?

6 फेब्रुवारी

जानेवारीची फाइल अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक करून उघडली. पहिल्या नजरेला ठीक दिसते. `GrossDT` कॉलम थोडा रुंद केला आणि गोष्ट लक्षात आली: काही खाने उजवीकडे चिकटलेले, बरेच डावीकडे. आपण हाताने अलाइनमेंट दिलेली नसेल तर एक्सेलमध्ये आकडा उजवीकडे सरकतो आणि मजकूर डावीकडे. म्हणजे या एका कॉलममध्ये दोन जातींचे खाने आहेत.

कुठे फरक पडतो ते बघितलं. 13 जानेवारीपासून 31 जानेवारीपर्यंतच्या सगळ्या ओळी मजकूर आहेत. 1 ते 12 तारखेच्या ओळी आकडा झाल्या आहेत, पण कोणता आकडा? उजवीकडच्या खान्यांमधून `INT` ने तारखा काढून त्यांची यादी केली, ती अशी निघाली: 1 जानेवारी, 1 फेब्रुवारी, 1 मार्च, 1 एप्रिल… थेट 1 डिसेंबर 2025. आज 6 फेब्रुवारी. डिसेंबरमधली गाडी काट्यावर येऊन गेली म्हणे.

कारण सरळ आहे. या कॉम्प्युटरच्या विंडोजमध्ये रीजन अमेरिकेचा आहे, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर. CSV डबल क्लिकने उघडली की एक्सेल विंडोजची तारखेची पद्धत धरून वाचतं. 12/01/2025 त्याला डिसेंबरची 1 तारीख वाटते आणि खान्यात 45669 ऐवजी 45992 बसतो. 13/01/2025 वाचताना तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ते हात वर करतं आणि खाना मजकूर म्हणून सोडून देतं. काट्यावरच्या कॉम्प्युटरला भारताचा रीजन आहे, म्हणून तीच फाइल तिथे नीट उघडते. "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" हा वाद गेल्या हंगामात झाला होता म्हणतात. दोघंही खरं बोलत होते.

यातली 1 जानेवारी सगळ्यात फसवी. 01/01 उलटं केलं तरी 01/01 च, त्यामुळे पहिल्याच दिवसाची आवक तपासून पाहणाऱ्याला सगळं जुळलेलं दिसतं. म्हणून तपासणीला तारीख नेहमी 12 च्या आतली पण 1/1, 2/2 अशी जुळी नसलेली घ्यायची. आणि कॉलमवर एकदा हे चालवायचं:

```
=COUNT(C:C)
=COUNTA(C:C)-1
```

`COUNT` फक्त आकडे मोजतं, `COUNTA` रिकामा नसलेला प्रत्येक खाना (एक शीर्षकाचा वजा). दोन्ही उत्तरं वेगळी आली तर कॉलम भेसळीचा आहे.

उलटलेल्या तारखा `DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2))` करून परत सुलट्या करता येतात. पण मी ते करणार नाही. एकदा कुणी अशी फाइल उघडून सेव्ह केली, नंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिच्यात नव्या ओळी चिकटवल्या, की त्याच कॉलममध्ये उलट्या आणि सुलट्या तारखा शेजारी बसतात. 5 एप्रिल दिसली तर ती खरी 5 एप्रिल की 4 मे, हे खान्याकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. काट्यावरची मूळ CSV असेपर्यंत दुरुस्ती नको, परत नव्याने वाचणं बरं.

7 फेब्रुवारी

नियम ठरला: CSV डबल क्लिकने उघडायची नाही. वेळेचे दोन्ही कॉलम आधी निव्वळ मजकूर म्हणून आत आणायचे आणि तारीख आपण आपल्या हाताने बांधायची.

नव्या एक्सेलमध्ये Data, From Text/CSV, मग Transform Data. पॉवर क्वेरी उघडल्या उघडल्या स्वतःहूनच `Changed Type` नावाची एक पायरी घालून ठेवते. तीच तारखांचा अंदाज बांधते. ती पायरी पुसायची. मग कॉलम मजकूरच राहतो.

अकाउंट्सच्या एका कॉम्प्युटरवर जुनं एक्सेल आहे. तिथे फाइलचं नाव `.csv` ऐवजी `.txt` करून File, Open ने उघडली की Text Import Wizard येतो. तिसऱ्या पायरीवर दोन्ही वेळांचे कॉलम निवडून Text करायचं. लिब्रेऑफिस CSV उघडताना स्वतःच अशी खिडकी दाखवतं, तिथेही त्या कॉलमना Text.

मजकूर आत आला की `C2` मध्ये जसंच्या तसं `13/01/2025 07:05:42 PM` असतं. यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली आहे: पहिली 2 अक्षरं दिवस, चौथ्यापासून 2 महिना, सातव्यापासून 4 वर्ष, बाराव्यापासून 11 अक्षरं वेळ. सूत्र:

```
=DATE(MID(C2,7,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2))
 +TIMEVALUE(MID(C2,12,11))
```

`F2` मध्ये 45670.795625 आलं. 12/01/2025 च्या ओळींतही आता पूर्णांक 45669 येतोय. इथे कॉम्प्युटर अमेरिकेचा असो की भारताचा, दिवस कोणता आणि महिना कोणता हे आपण सांगतोय, त्याला अंदाज बांधायला काही ठेवलंच नाही.

8 फेब्रुवारी

शेतकी विभागातल्या एका भाऊंनी सकाळीच विचारलं, "एवढं कशाला? Text to Columns करा ना, मधल्या स्पेसवर तोडा."

प्रश्न रास्त आहे, बहुतेक जण तसंच करतात. म्हणून त्यांच्यासमोरच करून बघितलं. स्पेसवर तोडल्यावर दोन नाही, तीन कॉलम झाले: तारीख, `07:05:42`, आणि वेगळा `PM`. मधल्या कॉलमला एक्सेलने सकाळचे 7 वाजून 5 मिनिटं समजून घेतलं, 0.295625. संध्याकाळची प्रत्येक गाडी सकाळी आली. PM कॉलम बिनकामाचा वाटला म्हणून कुणी काढून टाकला की परत काही कळायला मार्ग नाही.

भाऊ म्हणाले, "मग PM असेल तिथे 12 तास मिळवायचे." तेही पुरत नाही. दुपारी 12:20 PM ला 12 तास मिळवले की 24:20 होतात, म्हणजे ती गाडी दुसऱ्या दिवशी रात्री 12:20 ला जाते. उलट 12:20 AM ला काही मिळवलं नाही तर मध्यरात्रीची गाडी दुपारची होते. 12 चा आकडा दोन्ही बाजूंनी वेगळा वागतो. `TIMEVALUE` ला AM-PM सकट पूर्ण तुकडा दिला की हे तो सांभाळतो.

काट्याचं सॉफ्टवेअर 24 तासांची वेळ देत असतं (`19:05:42`) तर स्पेसवर तोडणं चाललं असतं, फक्त तारखेच्या तुकड्याला त्याच खिडकीत Date: DMY निवडायला हवं. सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं आहे. हंगाम संपल्यावर बघतो म्हणाला.

10 फेब्रुवारी

सूत्र जागा मोजून चालतं, त्यामुळे ठरलेल्यापेक्षा एक अक्षर कमी-जास्त झालं तरी ते मोडेल. म्हणून शेजारी एक तपासणीचा कॉलम टाकला, फक्त `=LEN(C2)`. बरोबर ओळीची लांबी 22 असायला हवी.

बहुतेक सगळ्या 22 निघाल्या. थोड्या ओळींची लांबी 10 आहे. त्यांत तारीख आहे, वेळच नाही: `14/01/2025`. काट्यावर विचारलं तर कळलं, लाइट गेली की पावती हाताने फाडतात आणि नंतर कॉम्प्युटरवर चढवताना वेळ टाकायची राहते.

या ओळींवर `TIMEVALUE` ला रिकामा तुकडा मिळतो आणि `#VALUE!` येतो. ते बरंच आहे, निदान दिसतं तरी. पण हीच फाइल काट्यावरच्या कॉम्प्युटरवर डबल क्लिकने किंवा पॉवर क्वेरीच्या आपोआप पायरीने वाचली असती तर त्या ओळी गुपचूप 00:00:00 झाल्या असत्या. आकड्याला वेळ नसणं आणि मध्यरात्र असणं यातला फरक कळत नाही. दोन्हीचा दशांश भाग शून्यच. मग वेळ न लिहिलेली प्रत्येक गाडी रात्रपाळीत जाऊन बसते आणि रात्रपाळीचं गाळप उगाच फुगतं. हे मजकुराच्या टप्प्यावरच पकडता येतं, नंतर नाही.

या ओळींसाठी वेगळी वाट काढली: तारीख घ्यायची, वेळ रिकामी ठेवायची, पाळीच्या जागी "वेळ नाही" लिहायचं. काट्याच्या रजिस्टरवरून वेळ मिळाली तर हाताने भरू, नाही तर ती गाडी पाळीच्या हिशोबात धरायची नाही.

दोन-चार ओळींची लांबी 23 होती, शेवटी एक जादा स्पेस. सूत्राला फरक पडत नाही, सोडून दिल्या.

13 फेब्रुवारी

आज पाळ्या. या कारखान्यात पहिली पाळी पहाटे 4 ते दुपारी 12, दुसरी 12 ते रात्री 8, तिसरी रात्री 8 ते पहाटे 4. गाळपाचा दिवसही पहाटे 4 ला बदलतो. म्हणजे 13 जानेवारीला रात्री 2 वाजता काट्यावर आलेली गाडी कॅलेंडरने 13 ची, पण गाळपाच्या अहवालात 12 ची.

जुन्या शीटचं पाळीचं सूत्र अशी सुरुवात करतं: `=IF(AND(H2>=TIME(4,0,0),H2<TIME(12,0,0)),1,...`. वाचायला बिनचूक आहे. पण 12 जानेवारीची बेरीज काट्याच्या पाळी रजिस्टरशी लावली तर पहिल्या पाळीत एक गाडी कमी आणि तिसरीत एक जास्त. एकूण वजन जुळतंय, म्हणजे गाडी हरवली नाही, चुकीच्या पाळीत गेली. ती शोधली. तिची वेळ बरोबर 04:00:00 AM, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

खान्याला दशांशाची 15 स्थळं दाखवायला लावली:

```
MOD(F2,1)    0.166666666664241
TIME(4,0,0)  0.166666666666667
```

पहाटेचे 4 म्हणजे दिवसाचा सहावा भाग, आणि 1 भागिले 6 दशांशात जसं संपत नाही तसं कॉम्प्युटरच्या बायनरीतही संपत नाही. त्यामुळे कुठेतरी तोडावंच लागतं. `TIME(4,0,0)` हा एकटा छोटा आकडा आहे, त्याला सगळी जागा मिळते. `F2` मध्ये मात्र आधी 45669 लिहायला बरीच जागा जाते, उरलेल्या जागेत सहावा भाग थोडा आधी तुटतो. मग `MOD` ने 45669 काढून घेतले की तुटलेला भाग उघडा पडतो, आणि तो 4 वाजण्याला सेकंदाच्याही अगदी नगण्य अंशाने कमी भरतो. `>=` ला तेवढं पुरतं. गाडी तिसऱ्या पाळीत.

दुपारी 12 ला हे होत नाही, कारण 0.5 बायनरीत चोख बसतो. रात्री 8 ला तोडताना आकडा वरच्या बाजूला गेला (0.833333333335759), त्यामुळे तिथेही `>=` योगायोगाने पास होतं. म्हणजे तीन सीमांपैकी एकच नासते, आणि तीही गाडी नेमक्या सेकंदाला आली तरच. म्हणूनच एवढे दिवस कुणाच्या नजरेत आलं नाही.

उपाय म्हणजे वेळेची तुलना दशांशात न करता पूर्ण सेकंदांत करायची. सेकंद हा पूर्णांक आहे, त्यात तोडातोड नाही. तारीख, वेळ, गाळपाची तारीख आणि पाळी, या क्रमाने:

```
=INT(F2)
=ROUND(MOD(F2,1)*86400,0)/86400
=INT((ROUND(F2*86400,0)-14400)/86400)
=INT(MOD(ROUND(F2*86400,0)-14400,86400)/28800)+1
```

14400 म्हणजे 4 तासांचे सेकंद, 28800 म्हणजे एका पाळीचे 8 तास. दिवस 4 तासांनी मागे सरकवला की पहाटे 4 वाजता नवी तारीख सुरू होते आणि पाळीला `IF` ची साखळी लागत नाही. नमुन्याच्या ओळीवर लावून बघितलं: 68742 मधून 14400 गेले, राहिले 54342, भागिले 28800 म्हणजे 1 पूर्णांक आणि वर काही, अधिक 1, दुसरी पाळी. संध्याकाळचे 7 वाजून 5, बरोबर. 04:00:00 ची गाडी पहिल्या पाळीत आली आणि 12 जानेवारी रजिस्टरशी जुळला.

एक मर्यादा लिहून ठेवतो. काट्याची वेळ पूर्ण सेकंदांत येते म्हणून वेळेच्या कॉलममध्ये `ROUND` निर्धास्त आहे. मिलिसेकंद देणारं यंत्र असेल तर 23:59:59.7 चं `ROUND` 86400 होईल आणि वेळेच्या कॉलममध्ये 1, म्हणजे दुसऱ्या दिवसाचे 00:00:00 दिसतील, पण तारीख मात्र आदल्या दिवशीचीच राहील. तिथे आधी पूर्ण आकडा सेकंदाला गोल करून घ्यायचा आणि मगच तोडायचा.

15 फेब्रुवारी

वाहतुकीच्या माणसांनी त्यांच्या परीने काम सुरू केलं होतं. त्यांना भरल्या वजनापासून रिकाम्या वजनापर्यंतचा वेळ हवा. वेगळ्या केलेल्या वेळा हाताशी आहेत म्हटल्यावर त्यांनी त्याच एकमेकांतून वजा केल्या. बऱ्याच ओळींत `########`.

एक ओळ घेऊन बसलो. ट्रॉली 12 जानेवारीला रात्री 11:38:20 ला भरली तोलली, 13 जानेवारीला रात्री 2:16:05 ला रिकामी बाहेर. निव्वळ वेळेतून वेळ वजा केली तर उणे 21 तास 22 मिनिटं 15 सेकंद. एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, हॅश भरून ठेवतं. लिब्रेऑफिस सरळ -21:22:15 दाखवतं, म्हणजे तिथे निदान कळतं.

`=MOD(out-in,1)` केलं की 2:37:45 येतं, आणि हेच सूत्र सगळीकडे सांगितलं जातं. या ट्रॉलीला ते बरोबरच आहे. पण 14 जानेवारीला मिल बंद पडली होती. त्या दिवशी संध्याकाळी 6:10 ला तोललेली एक गाडी दुसऱ्या दिवशी रात्री 9:25 ला रिकामी झाली. खरा वेळ 27 तास 15 मिनिटं, `MOD` म्हणतं 3 तास 15 मिनिटं. ज्या गाडीचा खोळंबा सगळ्यात जास्त, तीच यादीत चटकन सुटलेली दिसते.

म्हणून हा हिशोब तोडलेल्या तुकड्यांवर करायचाच नाही. दोन्ही पूर्ण आकडे (`F` कॉलम आणि `TareDT` वरून तसाच बांधलेला `K` कॉलम) एकमेकांतून वजा करायचे:

```
=K2-F2
```

आणि फॉरमॅट `[h]:mm`, चौकटी कंसासकट. साधं `h:mm` दिलं तर खान्यात बरोबर 27 तास असूनही दिसायला 3:15 च दिसतं, कारण ते 24 झाले की परत शून्यापासून मोजतं. वाहतुकीच्या अहवालाचा फॉरमॅट बदलून दिला.

18 फेब्रुवारी

शीटची मांडणी पक्की केली. `C` आणि `D` मध्ये काट्याचा मूळ मजकूर, त्याला कुणी हात लावायचा नाही. `F` आणि `K` मध्ये बांधलेले पूर्ण आकडे. त्यापुढे तारीख, वेळ, गाळपाची तारीख, पाळी, खोळंबा. `LEN` चा कॉलम लपवलेला नाही, उघडा ठेवला आहे आणि 10 आली की ओळ पिवळी होते.

शेतकी अधिकारी साहेबांचा प्रश्न आला: दोन तारखा कशाला, गोंधळ होतो. त्यांना आवक कॅलेंडरच्या तारखेने लागते, गाळप अहवालाला कारखान्याच्या दिवसाने. दोन्ही लागणारच. शीर्षकं बदलून "आवक तारीख" आणि "गाळप तारीख" केली, नुसती "तारीख" कुठेच ठेवली नाही. साहेबांच्या पिव्होटमध्ये फक्त पहिली दिसते.

फेब्रुवारीची आजपर्यंतची फाइल या शीटमधून काढली. पाळीनिहाय वजन काट्याच्या रजिस्टरशी जुळलं, पिवळ्या ओळी सोडून. त्या ओळींची वेळ भरायला रजिस्टर अकाउंट्समध्ये आणायचं की काट्यावर जाऊन बसायचं, हे उद्या ठरेल. काट्यावरचा क्लार्क म्हणतो, रजिस्टर जागचं हलणार नाही.